मंजूर झालेली शिष्यवृत्ती खात्यात का पोहोचत नाही? : शिष्यवृत्ती पोर्टलवरील नोंदणी आणि आधारचे बँकेशी मॅपिंग

दहावीचा निकाल लागून विद्यार्थी वसतिगृह सोडतो, तेव्हा त्याच्या पेटीत गुणपत्रिका असते, शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखला असतो. अकरावीला प्रवेश घेतल्यानंतर त्याला भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा असतो. तो अर्ज बहुतेक जण करतात. महाविद्यालय तो तपासते, समाजकल्याण विभाग मंजूरही करतो. आणि मग वसंत ऋतूच्या सुमारास आमच्याकडे पालकांचे फोन येऊ लागतात. प्रश्न एकच असतो : "गुरुजी, अर्ज मंजूर दाखवतोय, मग पैसे कुठे गेले?"

गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक मुलामुलींच्या अशा प्रकरणांत आम्ही त्यांच्यासोबत बँकेत आणि कार्यालयात जाऊन बसलो. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. अर्जातील चुकीमुळे जेवढे पैसे अडतात, त्याहून अधिक पैसे 'आधार बँकेला लिंक आहे' या अर्धवट माहितीमुळे अडतात. म्हणून या लेखात आम्ही शिष्यवृत्तीच्या सर्व नियमांचा ऊहापोह करीत नाही. पैसा सरकारच्या खात्यातून निघून विद्यार्थ्याच्या खात्यात कोणत्या वाटेने येतो, ती वाट कोठे तुटते आणि ती आपण अगोदरच कशी तपासावी, एवढाच विषय येथे घेतला आहे.

पैसा आधारवरून का येतो?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कित्येक दशके ही रक्कम महाविद्यालयामार्फत येत असे. विद्यार्थी कार्यालयात सही करी आणि रक्कम घेई. पुढे ती खात्यात येऊ लागली. 2021-22 पासून केंद्राने पद्धत अधिक बदलली. या योजनेतील खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के वाटा राज्याचा ठरला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात टाकला जाऊ लागला.

येथे 'आधारशी जोडलेले खाते' हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. पूर्वी पैसे पाठविणारा खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड पाहून पैसे पाठवीत असे. आता पाठविणाऱ्याजवळ विद्यार्थ्याचा आधार क्रमांक आणि रक्कम एवढेच असते. खाते कोणत्या बँकेत आहे, हे तो स्वतः ठरवीत नाही. ते ठरविण्यासाठी भारतीय राष्ट्रीय देयक निगम, म्हणजे एनपीसीआय, या संस्थेकडे एक मोठी यादी आहे. तिला मॅपर म्हणतात. त्या यादीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एका बँकेची ओळख लिहिलेली असते. एकच बँक, दोन नव्हेत. खाते क्रमांक त्या यादीत नसतोच.

एक दाखला घेऊ. गावात पत्र आले आणि पाकिटावर केवळ व्यक्तीचे नाव आहे. टपाल खात्याच्या मुख्य वहीत त्या नावासमोर एका गावाचे नाव आहे. म्हणून पत्र त्या गावी जाते. तेथील पोस्टमन आपल्या वहीतून घर शोधून ते पोहोचवितो. येथे मॅपर ही मुख्य वही, बँक हे गाव आणि खाते हे घर होय. मुख्य वहीत गावच चुकीचे असेल, किंवा गाव बरोबर असूनही घर मोडून गेले असेल, तर पत्र परत फिरणार. तुम्ही नव्या गावात कितीही चांगले घर बांधले असले तरी मुख्य वहीत नोंद बदलल्याखेरीज पत्र तेथे येणार नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पोर्टलवर किंवा महाविद्यालयात तुम्ही कोणत्या पासबुकाची प्रत दिली, यावर पैसा कोठे जाईल हे ठरत नाही. मॅपरमध्ये ज्या बँकेचे नाव आहे तेथेच तो जाणार. पासबुक एका बँकेचे आणि मॅपरमधील नाव दुसऱ्या बँकेचे, अशी स्थिती असलेले कितीतरी विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

'लिंक' आणि 'सीडिंग' यांत फरक आहे

बँकेत खाते उघडताना आपण आधार कार्डाची प्रत देतो किंवा अंगठा लावतो. बँक आपली ओळख पटवून घेते आणि आधार क्रमांक आपल्या संगणकात नोंदविते. ही केवायसी झाली. मोबाइलवर संदेशही येतो, आणि बँकेतील कर्मचारी खरेपणाने सांगतो, "तुमचं आधार लिंक आहे." त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु ही नोंद बँकेच्या स्वतःच्या वहीत झालेली असते. मुख्य वहीत, म्हणजे एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, नोंद करण्यासाठी खातेदाराची वेगळी संमती लागते. त्या संमतीसाठी बँकेत स्वतंत्र फॉर्म असतो. शासकीय लाभाची रक्कम थेट या खात्यात मिळावी, असे त्यात लिहिलेले असते. तो फॉर्म भरून दिल्यावर बँक मॅपरमध्ये नोंद पाठविते. यालाच आधार सीडिंग किंवा डीबीटी मॅपिंग म्हणतात.

म्हणून बँकेत गेल्यावर "आधार लिंक करायचे आहे" असे म्हणू नये. "डीबीटीसाठी एनपीसीआयमध्ये आधार सीडिंग करायचे आहे," असे म्हणावे. शब्दांतील हा बदल लहान आहे. पण पुढचे काम त्यावर अवलंबून असते.

आधार दुसऱ्या बँकेला अगोदरच जोडलेले असेल, तर आणखी एक गोष्ट करावी लागते. या फॉर्ममध्ये पूर्वी कोणत्या बँकेत मॅपिंग होते, त्या बँकेचे नाव लिहिण्याची जागा असते. ती जागा रिकामी सोडू नये. जुन्या बँकेचे नाव दिल्यास नवी बँक ती नोंद आपल्याकडे ओढून घेऊ शकते. नाव न देता नवीन नोंद म्हणून फॉर्म गेला, तर ती नाकारली जाण्याची शक्यता असते आणि विद्यार्थ्याला ते कळतही नाही.

कामाचा क्रम

आमचा अनुभव असा आहे की बहुतेक पालक आधी पोर्टलवर नोंदणी करतात आणि बँकेचे काम शेवटी ठेवतात. क्रम उलटा हवा. आधी आधार, मग बँक, मग तपासणी, आणि त्यानंतर पोर्टल.

आधारविषयी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलाचे बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद पाच आणि पंधरा या वयांत करून घ्यावी लागते. पंधरा ते सतरा या वयात हे अद्ययावतीकरण विनाशुल्क होते. दहावीतील विद्यार्थी नेमका याच वयाचा असतो. लहानपणीचा ठसा तसाच राहिला, तर पुढे अंगठा जुळत नाही, आणि अद्ययावतीकरण दीर्घकाळ न झालेला आधार निष्क्रियही होऊ शकतो. दुसरी, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे आणि तो फोन घरातच असला पाहिजे. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. एखाद्या मुलाच्या आधारला काकांचा क्रमांक असतो आणि काका पुण्यात कामाला असतात. मग प्रत्येक पायरीवर पुण्याला फोन करावा लागतो. हा क्रमांक आधार केंद्रावर जाऊन आपल्या घरातील फोनचा करून घ्यावा. नाव आणि जन्मतारीखही दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते काय, हे त्याच फेरीत पाहावे; कारण गुणपत्रिका, आधार आणि पासबुक यांतील नावात फरक असेल तर पोर्टलवरही अडचण येते आणि बँकेतही.

बँकेविषयी एक नियम आम्ही काटेकोरपणे सांगतो. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे हवे आणि सीडिंग विद्यार्थ्याच्याच आधारचे हवे. आईच्या खात्याला मुलाचा आधार जोडावा, असा सोपा मार्ग कोणी सुचविला तरी तो स्वीकारू नये. अकरावीचा विद्यार्थी अज्ञान असतो, म्हणून खात्यावर पालकाचे नाव असू शकते; परंतु मुख्य खातेदार तोच असला पाहिजे. ज्यांचे खाते शाळेत असतानाच उघडले होते, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बँक त्याच खात्यासाठी विद्यार्थ्याची नवी सही व नवी कागदपत्रे मागते. ती न दिल्यास त्या खात्यातील व्यवहार थांबविले जाऊ शकतात. म्हणजे अकरावी-बारावीला ज्या खात्यात पैसे आले, त्याच खात्यात पदवीच्या पहिल्या वर्षी ते अडू शकतात. वाढदिवसानंतर एकदा शाखेत जाऊन हे काम उरकून घ्यावे. खात्यात दोन वर्षे कोणताही व्यवहार केला नसेल, तर तेही निष्क्रिय धरले जाऊ शकते. म्हणून वर्षातून एकदोनदा शंभर रुपये तरी भरावेत किंवा काढावेत.

तपासणी : पाच मिनिटांचे काम

सीडिंग झाले की नाही, हे कोणाच्याही तोंडी सांगण्यावर सोडू नये. ते स्वतः पाहता येते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, म्हणजे myaadhaar.uidai.gov.in येथे, आधार क्रमांक आणि ओटीपी देऊन प्रवेश करावा. तेथे Bank Seeding Status असा पर्याय आहे. तो उघडला की एका लहानशा तक्त्यात आधारचे शेवटचे चार अंक, बँकेचे नाव, स्थिती आणि शेवटची नोंद केव्हा झाली ती तारीख दिसते.

या तक्त्यातील तीन ओळी वाचाव्यात. बँकेचे नाव आपल्या पासबुकावरील बँकेचेच आहे काय? स्थिती Active आहे काय? आणि तारीख आपण फॉर्म दिल्यानंतरची आहे काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. बँकेचे नाव वेगळे असेल, तर पासबुकातील बँकेत फॉर्म भरावा. स्थिती Inactive असेल, तर मॅपरमध्ये नाव असले तरी पैसा येणार नाही; बँकेत जाऊन ती पुन्हा सक्रिय करून घ्यावी. नोंद काहीच नसेल, तर सीडिंग झालेच नाही, असे समजावे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हे पान बँकेचे नाव सांगते, खाते क्रमांक सांगत नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील, तर पैसा त्यांतील कोणत्या खात्यात जाईल, हे त्या बँकेच्या शाखेतच विचारावे लागेल. ज्यांना शाखेत जाणे कठीण आहे, त्यांच्यासाठी एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन सीडिंगची सोय आहे. तेथे नवीन सीडिंग, त्याच बँकेतील दुसऱ्या खात्याकडे बदल आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत बदल, असे पर्याय दिसतात. परंतु त्या सोयीत सर्व बँका नाहीत. आपली बँक यादीत नसेल, तर शाखेत जावेच लागते.

पोर्टलवरील नोंदणी

वरील तपासणी झाल्यावर mahadbt.maharashtra.gov.in या पोर्टलवर नवीन अर्जदार म्हणून नोंदणी करावी. नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. नोंदणीत युजरनेम आणि पासवर्ड तयार होतो आणि मोबाइलवर ओटीपी येतो. त्यानंतर प्रवेश करून प्रोफाइल भरावी लागते. तीत वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा अभ्यासक्रम, आधीचे शिक्षण आणि वसतिगृहाची माहिती असते. प्रोफाइल पूर्ण झाल्यावरच योग्य त्या योजनेचा अर्ज उघडून भरता येतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते, म्हणून तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षासाठी ग्राह्य आहे काय, हे आधीच पाहावे.

या टप्प्यावरील सर्वांत मोठी चूक वरवर किरकोळ दिसते. नोंदणी बहुधा सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात होते. घाईच्या दिवसांत केंद्रचालक स्वतःचा मोबाइल क्रमांक किंवा स्वतःचा ईमेल टाकून काम उरकतो. युजरनेम-पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. त्या वर्षी अर्ज जातो, कोणाला काही कळत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ येते, तेव्हा पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी त्या केंद्रचालकाच्या फोनवर जातो. मग कोणीतरी सल्ला देतो की नवीन नोंदणी करा. असे केले तर एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी तयार होतात, आणि आधार एकच असल्याने गोंधळ वाढतो. म्हणून नोंदणी करताना आधारशी जोडलेला आपलाच क्रमांक द्यावा, युजरनेम आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून घरी ठेवावा, आणि विसरल्यास नवी नोंदणी न करता पासवर्ड बदलण्याची सोय वापरावी. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नये. खरा अधिकारी तो कधीही मागत नाही.

अर्ज भरून झाल्यावर तो आधी महाविद्यालयाकडे जातो आणि मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे. त्रुटी असल्यास तो परत पाठविला जातो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याच्या खात्यात पडून राहतो, त्याला घरी पत्र येत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रवेश करून अर्जाची स्थिती पाहावी.

एक प्रकरण

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे प्रकरण येथे सांगतो. नाव देत नाही, कारण ते एकटीचे नाही. पाचवीत असताना गावाजवळच्या एका बँकेत आईसोबत तिचे खाते उघडले होते. आपण तिला पहिली बँक म्हणू. त्या वेळी शाळेच्याच एका शिबिरात सीडिंगही झाले होते. पुढे कुटुंब तालुक्याच्या गावी राहायला आले. पहिल्या बँकेची शाखा लांब पडू लागली, म्हणून आईने ते खाते बंद केले. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाशेजारच्या दुसऱ्या बँकेत तिचे नवे खाते उघडले. आधार दिला, अंगठा लावला, संदेश आला. पोर्टलवर अर्ज केला, दुसऱ्या बँकेच्या पासबुकाची प्रत महाविद्यालयात दिली. महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठविला, कार्यालयाने तो मंजूर केला.

समजण्यासाठी आपण असे धरू की तिला एकूण दहा हजार रुपये मिळावयाचे होते. त्यातील सहा हजार रुपये केंद्राचा वाटा. हे सहा हजार निघाले. मॅपरमध्ये तिच्या आधारसमोर पहिल्या बँकेचे नाव होते, म्हणून रक्कम पहिल्या बँकेकडे गेली. त्या बँकेने आपल्या वहीत पाहिले, तर खाते बंद. रक्कम परत फिरली. इकडे दुसऱ्या बँकेत तिचे खाते चालू होते, आधार 'लिंक' होता, पण त्या बँकेपर्यंत काही पोहोचलेच नव्हते. त्यामुळे दुसऱ्या बँकेतील बाबू म्हणाले, "ताई, आमच्याकडे काहीच आलेलं नाही," आणि महाविद्यालयातील लिपिक म्हणाले, "आम्ही तर पाठवलंय." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आई मात्र दोन महिने दोन ठिकाणी हेलपाटे घालीत होती.

ती आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही प्रथम Bank Seeding Status उघडले. पानावर पहिल्या बँकेचे नाव होते, स्थिती Active होती आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. सगळे कोडे त्या तारखेत होते. दुसऱ्या दिवशी ती आईसोबत दुसऱ्या बँकेत गेली. सीडिंगचा फॉर्म मागून घेतला. तीत विद्यार्थिनीचा आधार क्रमांक, नव्या खात्याचा क्रमांक आणि पूर्वीच्या बँकेच्या जागी पहिल्या बँकेचे नाव लिहिले. फॉर्मची दुसरी प्रत शाखेच्या शिक्क्यासह पोच म्हणून घेतली. काही दिवसांनी पुन्हा पान उघडले, तर दुसऱ्या बँकेचे नाव आणि नवी तारीख दिसत होती.

येथे बहुतेक जण थांबतात आणि पैशाची वाट पाहतात. हा दुसरा मोठा गैरसमज होय. एकदा परत गेलेली रक्कम मॅपिंग दुरुस्त झाल्याबरोबर आपोआप येत नाही. ती पाठविणाऱ्या विभागाने पुन्हा पाठवावी लागते. म्हणून आम्ही तिच्याकडून एक साधा अर्ज लिहून घेतला. त्यात नाव, पोर्टलवरील अर्ज क्रमांक, रक्कम परत गेल्याची माहिती आणि मॅपिंग दुरुस्त झाल्याची तारीख लिहिली. सोबत नव्या पानाची छापील प्रत आणि पासबुकाचे पहिले पान जोडले. एक प्रत महाविद्यालयात आणि एक प्रत समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात देऊन दोन्हींची पोच घेतली. पुढील खेपेत रक्कम तिच्या खात्यात जमा झाली. दोन महिन्यांचे हेलपाटे वाचविण्यास जूनमध्ये पाच मिनिटे पुरली असती.

कारण कसे ओळखावे?

पैसे आले नाहीत म्हणजे कारण एकच असते, असे नाही. केंद्राच्या वाट्याची स्थिती pfms.nic.in या संकेतस्थळावर DBT Status Tracker मध्ये पाहता येते. तेथील नोंद वाचली म्हणजे कोणाकडे जायचे हे कळते.

रक्कम अद्याप पाठविलीच नसेल, तर बँकेत जाण्यात अर्थ नाही. अर्ज कोणत्या टेबलावर आहे, हे महाविद्यालयात विचारावे. आधार कोणत्याही बँकेशी मॅप नाही, असे दिसत असेल, तर सीडिंगचा फॉर्म हा उपाय. खाते बंद किंवा निष्क्रिय आहे, असे दिसत असेल, तर मॅपरमधील बँकेत जावे, आपण रोज वापरतो त्या बँकेत नव्हे. खात्यात रक्कम घेण्याची मर्यादा संपली, असे कारण असेल, तर ते बहुधा अज्ञान मुलाच्या मर्यादित खात्याचे असते. शाखेत कागदपत्रे देऊन ते सामान्य बचत खाते करून घ्यावे.

आणि कधीकधी नोंद 'रक्कम जमा झाली' असे सांगते, पण पासबुकात काही नसते. अशा वेळी घरात विचारावे की मुलाच्या आधारवर मोबाइलच्या दुकानात, एखाद्या शिबिरात किंवा बाजारात कोणी नवे खाते उघडले होते काय. सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि त्यासोबत एक खातेही उघडले गेले, त्यात शासकीय लाभाची संमतीही दिली गेली, असे आम्ही पाहिले आहे. मॅपरमध्ये शेवटची नोंद ज्या बँकेची, पैसा तिकडे. तो हरवलेला नसतो. तो आपल्याच नावाच्या, आपल्याला माहीत नसलेल्या खात्यात पडलेला असतो. Bank Seeding Status मधील बँकेचे नाव पाहिले की ते कळते. त्या खात्यातून रक्कम काढून घ्यावी आणि मॅपिंग पुन्हा आपल्या बँकेकडे आणावे. यापुढे अंगठा लावताना तो कशासाठी, हे विचारल्याखेरीज लावू नये.

पैसे आल्यानंतर

शेवटी एक सूचना पालकांसाठी. केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, परंतु त्यात महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही असू शकतो. ती रक्कम हातात आली, म्हणजे ती सर्व घरखर्चाची, असे समजू नये. खात्यात जमा झाल्यावर महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन त्यातील शुल्काचा भाग किती, हे विचारावे, तो लगेच भरावा आणि पावती जपून ठेवावी. असे न केल्यास पुढे दाखला किंवा गुणपत्रिका मागताना थकबाकीचा प्रश्न उभा राहतो, आणि तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात.

दहावीची परीक्षा संपून निकाल लागेपर्यंत सुमारे दोन महिने मुले घरी असतात. बँकेचे आणि आधारचे काम उरकण्यासाठी तो काळ पुरेसा आहे. जे माजी विद्यार्थी आज बँकेत, कार्यालयात किंवा महाविद्यालयात नोकरीस आहेत, त्यांनी आपल्या गावातील एकदोन मुलांचे हे पान उघडून बँकेचे नाव, स्थिती आणि तारीख वाचून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे. ज्या घरात हे पान वाचता येणारे अजून कोणी नाही, त्या घरातील मुलाचे वर्ष त्यामुळे वाचते.

जय भीम.